सम-विषम वाहन योजना : शेवटचा आकडा, हवा आणि तुमचा दमा

सम-विषम म्हटलं की आपल्या भागात आधी पार्किंगचा फलक आठवतो. सम तारखेला गाडी या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला. पण दरवर्षी दिवाळीच्या सुमारास दिल्लीच्या धुरक्याच्या बातम्या सुरू झाल्या की बुटीबोरीच्या माझ्या दवाखान्यात दुसऱ्या सम-विषमबद्दल प्रश्न येतात. "डॉक्टरसाहेब, आपल्याकडेही हे लागू झालं तर माझा दमा कमी होईल का?"

प्रश्न योग्य आहे. त्याचं उत्तर देताना मला नेहमी एक रुग्ण आठवतो. त्याच्या परवानगीने, ओळख पटणार नाही असे तपशील बदलून, त्याचं उदाहरण इथे घेतो. त्याच्या अनुभवात या योजनेची ताकद, तिची मर्यादा आणि रुग्णांकडून होणारी सर्वांत मोठी चूक, तिन्ही गोष्टी दिसतात.

नियम नेमका काय असतो?

गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा १, ३, ५, ७ किंवा ९ असेल तर ती विषम तारखेलाच रस्त्यावर आणायची. आकडा ०, २, ४, ६ किंवा ८ असेल तर सम तारखेला. शून्य सम धरतात. फक्त शेवटचा आकडा पाहायचा, आधीचे आकडे किंवा अक्षरं पाहायची नाहीत.

दिल्लीत ही योजना तीनदा राबवली गेली : १ ते १५ जानेवारी २०१६, १५ ते ३० एप्रिल २०१६ आणि ४ ते १५ नोव्हेंबर २०१९. वेळ सकाळी ८ ते रात्री ८ अशी होती आणि रविवारी सूट होती. नियम मोडल्यास २०१६ मध्ये २,००० रुपये, तर २०१९ मध्ये ४,००० रुपये दंड होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळीनंतर योजना पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली होती. पण त्याआधीच पाऊस पडला, हवा थोडी सुधारली आणि योजना पुढे ढकलली गेली.

आरोग्याच्या दृष्टीने नियमाइतक्याच त्यातल्या सवलती महत्त्वाच्या आहेत. दुचाकींना तिन्ही वेळा सूट होती. फक्त स्त्रिया असलेल्या गाड्यांना, त्यांच्यासोबत बारा वर्षांपर्यंतची मुलं असली तरी, सूट होती. अपंग व्यक्तींच्या गाड्या, रुग्णवाहिका आणि आजारी माणसाला तातडीने नेणारी गाडी यांनाही सूट होती. यातली दुचाकीची सवलत लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते.

बुटीबोरीचा माणूस, दिल्लीचा नोव्हेंबर

हा रुग्ण इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. वय चाळिशीच्या आतलं, लहानपणापासून दमा. सकाळ-संध्याकाळ नियमित पंप घेत असल्याने दमा चांगला आटोक्यात होता. २०१९ मध्ये त्याची दिल्लीला बदली झाली. जाताना त्याने आपली इथलीच, एमएच ४० क्रमांकाची कार सोबत नेली. शेवटचा आकडा ७.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिल्लीची हवा 'गंभीर' वर्गात गेली आणि ४ तारखेपासून सम-विषम सुरू झालं. नियम परराज्यातल्या गाड्यांनाही लागू होता. म्हणजे ४, ६ आणि ८ तारखेला त्याची कार बंद. घरापासून ऑफिसला पोचायला एका बाजूने तासभर लागायचा. मेट्रोचं स्टेशन लांब होतं, म्हणून त्याने सोपा मार्ग शोधला. शेजारच्या सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचं.

त्याने आणखी एक गोष्ट केली. "रस्त्यावर निम्म्या गाड्या कमी झाल्या, म्हणजे हवा निम्मी साफ झाली," असं त्याच्या मनाने घेतलं. दमाही बरा होता. म्हणून सकाळ-संध्याकाळचा पंप त्याने एकदाच घ्यायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी घसा खवखवला. ६ तारखेच्या रात्री खोकल्याने झोपमोड झाली. ८ तारखेला ऑफिसातून परत येताना छाती आवळल्यासारखी वाटली, घरी जिना चढताना मध्येच थांबावं लागलं आणि मध्यरात्रीनंतर एक वाक्य सलग बोलता येईना. शेजाऱ्यांनी त्याला रुग्णालयात नेलं. नेब्युलायझर, ऑक्सिजन आणि स्टेरॉइड मिळाल्यावर तो सावरला. दोन दिवसांनी घरी आला. महिन्याभराने सुट्टीवर इथे आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "गाड्या तर कमी झाल्या होत्या ना सर, मग मलाच का झालं?"

निम्म्या गाड्या कमी, मग हवा निम्मी साफ का नाही?

दम्याच्या रुग्णाला सर्वांत जास्त त्रास देतो तो पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. हे कण नाकात किंवा घशात अडकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फांद्यांपर्यंत जातात. भारतात चोवीस तासांसाठी याची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. दिल्लीच्या वाईट दिवसांत हा आकडा सहज ३०० च्या पुढे जातो.

आता साधा हिशेब करू. दिल्ली सरकारसाठी आयआयटी कानपूरने केलेल्या अभ्यासानुसार हिवाळ्यात दिल्लीच्या पीएम २.५ मध्ये वाहनांचा वाटा सुमारे २० ते २५ टक्के होता. उरलेल्यात रस्त्यावरची धूळ, कचरा आणि लाकूडफाटा जाळणं, कारखाने, शेतातला पेंढा जाळल्याचा धूर आणि हवेतच तयार होणारे कण येतात. वाहनांच्या वाट्यातही मोठा भाग ट्रक आणि दुचाकींचा होता. चारचाकी कारचा वाटा त्यातला सुमारे दहावा हिस्सा.

समजा हवेत ३०० मायक्रोग्रॅम आहेत. त्यातले वाहनांचे ७५. त्यातले कारचे साडेसात. कार खरंच निम्म्या झाल्या तर पावणेचार कमी होतील. सवलती वगळल्या तर साधारण तीन. म्हणजे ३०० चे २९७. तुमच्या श्वासनलिकेला हा फरक कळणारही नाही.

पण कागदावरचा हिशेब हे पूर्ण सत्य नाही. जानेवारी २०१६ च्या पंधरवड्यात योजनेच्या तासांमध्ये दिल्लीतला पीएम २.५ त्याच काळात योजना नसलेल्या शेजारच्या भागांच्या तुलनेत दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी राहिला, असं संशोधकांना आढळलं. एवढी घट फक्त कारच्या धुराने समजावता येत नाही. रस्ते मोकळे झाले की बस आणि ट्रक एका जागी उभे राहून धूर सोडत नाहीत, गाड्या सलग वेगाने जातात आणि धूळही कमी उडते. शिवाय हिवाळ्यात जमिनीलगतचा हवेचा थर उथळ असतो. थंड हवेवर गरम हवेचं झाकण बसल्यासारखं होतं आणि धूर वर जात नाही. अशा वेळी रस्त्यावरचा थोडा धूर कमी झाला तरी खाली त्याचा परिणाम दिसतो.

तीच योजना त्याच वर्षी एप्रिलमध्ये राबवली तेव्हा अशी घट सापडली नाही. एप्रिलच्या उन्हात हवा उंचपर्यंत घुसळली जाते, धूळ मात्र भरपूर असते. लोकांनीही तोवर पळवाटा शोधल्या होत्या.

पळवाटांचं जुनं उदाहरण मेक्सिको सिटीचं आहे. तिथे १९८९ पासून शेवटच्या आकड्यानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवावी लागते. योजना कायमची आहे हे कळल्यावर अनेकांनी वेगळ्या आकड्याची दुसरी गाडी घेतली, बऱ्याचदा जुनी आणि जास्त धूर सोडणारी. पुढे झालेल्या अभ्यासात हवा सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणून ही योजना थोड्या दिवसांसाठी, हवा अगदी वाईट असताना आणि बस-मेट्रोच्या जादा फेऱ्या सोडून राबवली तर काही उपयोग होतो. कायमची केली की लोक तिच्याभोवती रस्ता काढतात.

मग त्याला अटॅक का आला?

योजनेमुळे शहराची हवा किती बदलली यापेक्षा त्या तीन दिवसांत त्याच्या फुप्फुसात किती धूर गेला, हा डॉक्टरच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण दहा लिटर हवा आत घेतो. तासाला ६०० लिटर, म्हणजे ०.६ घनमीटर. ऑफिसला जाऊन येऊन दोन तासांत १.२ घनमीटर. बाहेर ३०० मायक्रोग्रॅम असतील तर मोटारसायकलवर या दोन तासांत ३६० मायक्रोग्रॅम कण आत जातात. काचा बंद आणि एसी आतलीच हवा फिरवण्यावर ठेवलेल्या कारमध्ये हे प्रमाण निम्म्यावर आलं असं धरलं, तरी १८० जातात. म्हणजे कार सोडून मोटारसायकल घेतल्याने रोज १८० मायक्रोग्रॅमची भर पडली.

योजनेमुळे झालेला फायदा किती? कागदी हिशेबाप्रमाणे ३ मायक्रोग्रॅमची घट धरली तर, बारा तास तो उघड्यावर बसला असता तरी, बचत सुमारे २२ मायक्रोग्रॅमची. जानेवारी २०१६ सारखी पंधरा टक्के घट मिळाली असं मानलं तर बचत ३२४ पर्यंत जाईल. पण तो दिवसभर बंद ऑफिसात होता, त्यामुळे त्याच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं असतं. हे आकडे ढोबळ आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. शहराला मिळालेला फायदा त्याने मोटारसायकलवर बसून गमावला, आणि वर स्वतःचं नुकसान करून घेतलं.

यात आणखी एक गोष्ट मोजलेली नाही. सिग्नलला तुम्ही दुचाकीवर उभे असता तेव्हा पुढच्या ट्रकचा धूर थेट तोंडावर येतो. शहराचा सरासरी आकडा गच्चीवरच्या किंवा मैदानातल्या यंत्राचा असतो, तुमच्या नाकासमोरचा नसतो. त्यात थंड वारा. दम्याच्या श्वासनलिकेला थंड कोरडी हवा स्वतंत्रपणे आवळते.

शेवटचं कारण पंपाचं. रोजचा पंप श्वासनलिकेच्या आतली सूज कमी ठेवतो. तो कमी केला तर सूज लगेच दिसत नाही, काही दिवसांनी डोकं वर काढते. त्याने पंप कमी केला आणि नेमक्या त्याच आठवड्यात धूर वाढवला. अटॅक तिसऱ्या दिवशी आला, पण सुरुवात पहिल्या दिवशीच झाली होती.

बुटीबोरीत हा नियम आला तर?

आपल्या चौकात सकाळी दहा मिनिटं उभे राहा आणि मोजा. किती कार गेल्या, किती ट्रक, ट्रेलर आणि टँकर गेले, किती दुचाकी गेल्या. हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या दारातून जातो आणि वसाहतीत मालाची ये-जा दिवसरात्र चालते. शिफ्ट सुटते तेव्हा रस्ता दुचाकींनी भरतो. दिल्लीच्या नमुन्याचा नियम यातल्या दुचाकींना हात लावत नाही आणि खासगी कारपुरता असल्याने ट्रकलाही लावत नाही.

म्हणून तुमच्या दम्यासाठी इथे इतर गोष्टी जास्त मोलाच्या आहेत. कडेची धूळ उडू नये म्हणून रस्त्याचा खांदा पक्का करणं, वाळू-राखेचे ट्रक ताडपत्रीने झाकणं, उभ्या ट्रकची इंजिनं बंद ठेवणं, उघड्यावर कचरा न जाळणं. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात मिहानपासून बुटीबोरी एमआयडीसीपर्यंतची मार्गिका मंजूर आहे. अशी सोय हाताशी असेल तर गाडी बंद असलेल्या दिवशी माणूस दुचाकीकडे वळत नाही. माझ्या रुग्णाच्या घराजवळ स्टेशन असतं तर त्याची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

दमा किंवा सीओपीडी असेल तर काय करायचं?

दिल्ली, गाझियाबाद, गुरुग्रामला तुमची मुलं नोकरीला असतील, तुम्ही हिवाळ्यात त्यांच्याकडे जाणार असाल किंवा इथेच डिसेंबरच्या धुक्याच्या सकाळी कामाला निघत असाल, तर पुढचे मुद्दे उपयोगी पडतील.

*पंप तसाच चालू ठेवा.* गाड्या बंद आहेत, पाऊस पडला, आकाश निळं दिसतंय, यातलं काहीही रोजचा पंप कमी करण्याचं कारण नाही. डोस बदलायचा तर डॉक्टरांना विचारूनच. प्रवासाला निघण्याआधी दोन आठवडे भेटलात तर आम्ही तुमच्यासाठी लेखी योजना करून देऊ शकतो. तातडीचा पंप नेहमी खिशात असू द्या, सुटकेसमध्ये नको.

*गाडी बंद असेल त्या दिवशी काय निवडायचं ते आधी ठरवा.* मेट्रो किंवा काचा बंद असलेली एसी बस सर्वांत बरी. त्यानंतर वेगळ्या आकड्याच्या गाडीत सहकाऱ्यासोबत, काचा बंद ठेवून. घरून काम करता येत असेल तर वाईट दिवस त्यासाठी राखून ठेवा. दुचाकी आणि उघडी रिक्षा शेवटी. दुचाकीशिवाय मार्गच नसेल तर गर्दीची वेळ टाळा, ट्रकच्या मागे थांबू नका आणि एन ९५ मास्क घाला. मास्क नाकाच्या हाडावर आणि गालांवर घट्ट बसायला हवा. दाढीवर तो नीट बसत नाही. ओढणी, रुमाल किंवा कापडी मास्क बारीक कण थांबवत नाहीत.

*हवेचा आकडा पाहून दिवस ठरवा.* केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेचा निर्देशांक दिसतो. २०० च्या वर गेला की दम्याच्या रुग्णांनी सकाळचं फिरणं घरातल्या व्यायामावर आणावं. ३०० च्या वर गेला की बाहेरची मेहनतीची कामं टाळावीत. पण नागपूर शहरातल्या केंद्राचा आकडा बुटीबोरीच्या चौकाला तंतोतंत लागू पडत नाही, हे ध्यानात ठेवा. तुमचा खोकला आणि तुमचा पीक फ्लो जास्त खरं सांगतो.

*पीक फ्लो मीटर वापरा.* ही फुंकर मारायची साधी नळी असते. बरे असताना तुमचा सर्वोत्तम आकडा समजा ४५० आहे. तो ३६० च्या खाली आला, म्हणजे ८० टक्क्यांच्या खाली, तर सावध व्हा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. २२५ च्या खाली, म्हणजे निम्म्याहून कमी झाला, तर ती तातडी आहे. माझ्या रुग्णाने ६ तारखेच्या रात्री खोकल्याने उठल्यावर हे मोजलं असतं तर दोन दिवस आधीच इशारा मिळाला असता.

रुग्णालयात ताबडतोब कधी जायचं?

एक वाक्य सलग बोलता येत नाही. तातडीच्या पंपाचा परिणाम चार तासही टिकत नाही किंवा काहीच आराम पडत नाही. श्वास घेताना गळ्याजवळ किंवा बरगड्यांमध्ये खळगा पडतो. ओठ निळसर दिसतात किंवा बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९२ च्या खाली आहे. माणूस गोंधळतो किंवा झोपाळू होतो. यातलं एकही लक्षण असेल तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णाला बसवून ठेवा, आडवं करू नका. निघण्याची तयारी करतानाच तातडीचा पंप स्पेसरमधून एकेक करत चार वेळा द्या. आराम नसेल तर वीस मिनिटांनी वाटेतही पुन्हा द्या. १०८ ला फोन करा.

आणि अशा वेळी गाडीचा शेवटचा आकडा पाहत बसू नका. दिल्लीच्या नियमातही आजारी माणसाला घेऊन जाणाऱ्या गाडीला सूट होती. दंडाच्या भीतीने दुचाकीवर मागे बसवून दम्याचा रुग्ण नेणं सर्वांत धोक्याचं आहे. तो वाटेत पडू शकतो आणि थंड हवेने अटॅक वाढतो.

माझा तो रुग्ण आता पुन्हा बुटीबोरीत आहे. पंप दोन्ही वेळा घेतो. हिवाळ्यात त्याने शिफ्ट बदलून घेतली, म्हणजे ट्रकच्या सकाळच्या गर्दीत त्याला मोटारसायकल काढावी लागत नाही. मागच्या वेळी तपासणीला आला तेव्हा त्याचा पीक फ्लो ४४० होता.